खांबाची सावली आणि माझी उंची

१९९४ सालचा जानेवारी. मी सातवीत होते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत सव्वीस जानेवारीच्या कवायतीसाठी आम्हाला आठवडाभर आधीपासून सकाळी नऊला बोलवत. मैदानाच्या मधोमध तीन पायऱ्यांचा गोल चौथरा होता, त्यावर झेंड्याचा लोखंडी खांब आणि खांबाच्या टोकाला पितळी गोळा. वीस तारखेला कवायत संपली तेव्हा आमचे गणिताचे सर त्या चौथऱ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "हा खांब किती उंच आहे, सांगा पाहू."

पोरांनी तीस फुटांपासून सुरुवात केली ती पन्नासपर्यंत गेली. सरांनी सगळ्यांचे आकडे हसून ऐकले. मग म्हणाले, "वर न चढता आणि दोरीला हात न लावता शोधायचं. सोमवारपर्यंत वेळ आहे."

तेव्हा आम्हाला समरूप त्रिकोण शिकवलेले नव्हते. समरूपता पुढे दहावीच्या भूमितीत आली. पण त्रैराशिक येत होतं. पाच वह्यांना इतके रुपये, तर बारा वह्यांना किती, हे मी झोपेतही केलं असतं. मैदानावर उन्हात उभी असताना माझी सावली मातीवर लांबच लांब पडली होती आणि शेजारी खांबाची त्याहून लांब सावली, अगदी त्याच दिशेला. माझ्या उंचीला माझी सावली इतकी, तर खांबाच्या सावलीला खांबाची उंची किती? हे वह्यांचंच गणित होतं. मला ते एका क्षणात दिसलं आणि मी तशीच वर्गात धावले, शिवणाच्या बाईंकडून टेप मागून आणायला.

माझी उंची मला ठाऊक होती. जूनमध्ये शाळेत आरोग्य तपासणी झाली होती आणि कार्डावर १४० सेंटिमीटर लिहिलं होतं. साडेनऊला मैत्रिणीने माझ्या डोक्याच्या सावलीपाशी खडूने रेघ मारली. सावली भरली २५९ सेंटिमीटर. मग खांबाची सावली. शिवणाची टेप दीड मीटरची, त्यामुळे ती पुन्हापुन्हा टाकावी लागली, मधे एकदा मोजणी चुकली म्हणून पहिल्यापासून सुरुवात केली. शेवटच्या टोकाची खूण मारली तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. चौथऱ्याच्या कडेपासून त्या खुणेपर्यंत ८५९ सेंटिमीटर. वहीत ८५९ गुणिले १४० भागिले २५९ केलं. उत्तर आलं ४६४. म्हणजे चार मीटर चौसष्ट.

मला इतका आनंद झाला होता की ते उत्तर बरोबर आहे का, हा प्रश्नच मनात आला नाही.

तो आणला घरी आमच्या दादांनी. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, गवंडीकाम करायचे. संध्याकाळी हातपाय धुऊन ओट्यावर बसले होते. मी वही दाखवली. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं, मग बोटांवर काही मोजलं आणि म्हणाले, "पोरी, हा पाइप बाजारात वीस फुटी येतो. चौथरा दोन फूट धर. तुझ्या हिशेबानं जमिनीपासनं टोक पंधरा फुटांवर. म्हणजे चौथऱ्यावर पाइप तेरा फूट. मग राहिलेला सात फूट काय जमिनीत गाडलाय? दोन-अडीच फुटाच्या वर कोण गाडत नाही."

कापून घेतला असेल, असं मी म्हटलं. "झेंड्याचा खांब कुणी कापून आखूड करतं का?" एवढंच ते म्हणाले. रागावून नव्हे. पण मला कळलं की आकडा वहीत बरोबर होता आणि मैदानावर चुकला होता.

त्या रात्री जेवणानंतर मी अंगणात गेले. दाराच्या वरच्या बल्बच्या उजेडात माझी सावली पडली होती. म्हटलं, इथेच करून बघू. बल्बच्या खालून एक मीटर पुढे उभी राहिले तर सावली सव्वा मीटरच्या थोडी वर. दोन मीटरवर गेले तर ती दुप्पट झाली. तीन मीटरवर तर ती कुंपणावर चढली. उंची तीच, पण पावला-पावलागणिक सावली बदलत होती. त्रैराशिकाचा पायाच नाहीसा झाला होता. मला रडू आलं, कारण वाटलं, सावलीवर भरवसा ठेवण्यासारखं काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना दोन्ही गोष्टी सांगितल्या, दादांचा आक्षेपही आणि बल्बचाही. सरांनी बल्बची गोष्ट आधी घेतली. मला घेऊन ते मैदानाच्या एका टोकाला गेले, माझी सावली मोजली, मग झपाझप दुसऱ्या टोकाला नेऊन पुन्हा मोजली. सारखी भरली. "बल्ब तुझ्यापासून चार हातांवर आहे," सर म्हणाले, "म्हणून तू सरकलीस की त्याचा किरण तुझ्यावर वेगळ्या कलाने येतो. सूर्य पंधरा कोटी किलोमीटरवर आहे. त्याच्या मानाने हे मैदान म्हणजे एकच ठिपका. खांबावर आणि तुझ्यावर येणारे किरण एकमेकांना समांतर असतात. कल एकच, म्हणून प्रमाण एकच."

मग त्यांनी भास्कराचार्यांचं नाव घेतलं. लीलावती ११५० सालची, तिच्यात छायाव्यवहार नावाचं सावल्यांच्या गणितांचंच एक प्रकरण आहे. चाळीसगावजवळच्या पाटणला त्यांच्या नातवाच्या काळचा १२०७ सालचा शिलालेख आहे, हेही सर म्हणाले. माझ्या मनात मात्र राहिलं ते गणित. बारा अंगुळांचा, म्हणजे अर्ध्या हाताचा शंकू, सावली मोजायची खुंटी, उभा केला आहे. त्यापासून तीन हातांवर साडेतीन हात उंचीचा दिवा. शंकूची सावली किती? सरांनी काठीने मातीत आकृती काढली. दिव्याच्या उंचीतून शंकूची उंची आधी वजा करायची, साडेतीनातून अर्धा गेला, उरले तीन. मग अर्धा गुणिले तीन भागिले तीन. सावली अर्धा हात, बरोबर बारा अंगुळं. माझ्या अंगणातल्या बल्बचं हेच गणित होतं. दिवा जवळ असेल तर त्याचं अंतर आणि त्याची उंची हिशेबात घ्यावीच लागते. सूर्य इतका दूर की त्यातलं काहीच घ्यावं लागत नाही. रात्री ज्या सावलीने मला रडवलं होतं ती आठशे वर्षांपूर्वी कुणी तरी शांतपणे मोजून ठेवली होती, हे ऐकून मला जो धीर आला तो मी आजही विसरले नाही.

मग सरांनी विचारलं, "खांबाची सावली कुठून मोजलीस?"

"चौथऱ्याच्या कडेपासून."

"सावली कुठून सुरू होते?"

मी बघितलं. सावली खांबाच्या बुंध्यापासून निघत होती, चौथऱ्यावरून जात होती, पायऱ्यांवर मोडत मोडत खाली उतरत होती आणि मग मातीवर सरळ जात होती. चौथऱ्याखाली दडलेली सावली मी मोजलीच नव्हती. चौथरा गोल, आडवा भरला १८० सेंटिमीटर. म्हणजे मधल्या खांबापासून कड ९० सेंटिमीटरवर. तेवढी सावली माझ्या हिशेबातून गेली होती. पायऱ्यांवर ती मोडते त्याची काळजी नको, सर म्हणाले, टोक सपाट जमिनीवर पडतंय ना, मग खांबाच्या बरोबर खालच्या बिंदूपासून टोकापर्यंतचं आडवं अंतर धर. आणि लक्षात ठेव, उत्तर येईल ते जमिनीपासून टोकापर्यंतचं येईल, त्यात चौथराही आला.

पुढे मोठेपणी मी ग्रीसच्या थेल्सची कथा वाचली. त्याने पिरॅमिडची उंची सावलीवरून काढली म्हणतात. कथेत नुसतं एवढंच असतं की स्वतःची सावली स्वतःच्या उंचीइतकी झाली त्या क्षणी त्याने पिरॅमिडची सावली मोजली. वाचताना मला पहिल्यांदा आमचा चौथरा आठवला. पिरॅमिडच्या टोकाच्या बरोबर खालचा बिंदू दगडांच्या पोटात असतो. बाहेर दिसणाऱ्या सावलीत पायाची अर्धी रुंदी मिळवल्याशिवाय त्याचंही उत्तर माझ्यासारखंच आखूड आलं असतं.

शुक्रवारी मी पुन्हा मोजलं. बरोबर दहाला माझी सावली, २०८. सव्वादहाला खांबाची, कडेपासून ७१५ अधिक ९०, म्हणजे ८०५. उत्तर ५४२. कालच्यापेक्षा पाऊण मीटर वाढलं, पण दादांचा पाइप अजून बसत नव्हता. चौथऱ्याचे दोन फूट वजा केले तरी सव्वाचार फूट जमिनीत राहत होते.

कुठे चुकतंय हे मला माझ्या खुणेने सांगितलं. हिशेब करून मी परत मैदानावर गेले तर टोकाची खडूची रेघ सावलीच्या बाहेर उघडी पडली होती. सावली मागे सरकली होती, चांगली दोन-अडीच वीत. मी तिथेच उभी राहून बघत बसले. सावली सरकताना डोळ्यांना दिसत नाही, पण खडूची रेघ मारून शंभर आकडे मोजले की सरकलेली दिसते. सकाळी सूर्य चढत असतो आणि सावल्या झपाट्याने आखडतात. माझ्या सावलीपासून खांबाच्या सावलीपर्यंत जाण्यात मी पंधरा मिनिटं घालवली होती आणि तेवढ्यात खांबाची सावली चांगली ८० सेंटिमीटरांनी लहान झाली होती. मी दहा वाजताचा सूर्य आणि सव्वादहाचा सूर्य एकाच त्रैराशिकात घातला होता.

शनिवारी सकाळची शाळा. त्या दिवशी मी दोघी मैत्रिणींना घेतलं. एक माझ्या डोक्याच्या सावलीपाशी खडू घेऊन बसली, दुसरी खांबाच्या टोकापाशी. मी "आता" म्हटलं की दोघींनी एकदम रेघ मारायची. मोजायचं नंतर, सावकाश. सावली सरकली तरी रेघ जागची हलत नाही. इतकी साधी गोष्ट सुचायला मला दोन दिवस लागले.

पण टोकापाशी बसलेली ओरडली, "अगं, टोक कुठे आहे तेच दिसत नाही!"

खरंच दिसत नव्हतं. बुंध्याशी सावली काळीभोर आणि धारदार, पण टोकाकडे जाता जाता ती पातळ होत मातीत विरून जात होती. सूर्य ठिपका नाही, थाळी आहे, आभाळात साधारण अर्ध्या अंशाएवढी. तिच्या वरच्या कडेचा किरण सावलीचं टोक एका जागी टाकतो, खालच्या कडेचा दुसऱ्या जागी. खांबाचं टोक सावलीच्या टोकापासून अकराएक मीटर दूर होतं, त्यामुळे त्या दोन जागांमध्ये जवळजवळ एक वीतभर धूसर पट्टा पडत होता. सरांनी चित्रकलेच्या वहीचा कोरा कागद दिला. मातीवर न दिसणारी फिकट सावली पांढऱ्या कागदावर दिसली. गोळ्याचा एक धूसर डाग. त्या धूसर पट्ट्याच्या मधोमध रेघ मारायची, असं ठरलं. माझ्या डोक्याची कड मात्र वेगळ्या कारणाने चुकत होती. वर वळवून बांधलेल्या वेण्या आणि लाल रिबिनी सावलीत डोक्याच्या वर आल्या होत्या. म्हणून डोक्यावर फूटपट्टी आडवी धरली. तिची कड मातीवर नीट उमटली.

दादांनी शुक्रवारी रात्री मला ओळंबा दिला होता. खांब कललेला असेल तर सगळं फुकट, म्हणाले. मी चौथऱ्यावर उभी राहून ओळंबा धरला, आधी समोरून, मग काटकोनात बाजूला जाऊन. खांब सरळ होता. मैदानाला पाणी वाहून जायला थोडा उतार होता, त्याचीही मला धास्ती होती. पण मी खांबाच्या सावलीला लागूनच उभी होते. दोन्ही सावल्या एकाच उतारावर, एकाच दिशेने पडत होत्या. उताराने दोघींना सारखंच ताणलं, आणि प्रमाण तेच राहिलं.

दहाला दहा कमी असताना मी "आता" म्हटलं. माझी सावली २२३. खांबाची, चौथऱ्याची त्रिज्या धरून, ९४९. उत्तर ५९६.

मी ते दादांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. घरातल्या दाराच्या चौकटीपाशी त्यांनी मला उभं केलं, डोक्यावर गुण्या टेकवला आणि पेन्सिलीने खूण केली. टेप लावली. १४३ सेंटिमीटर.

"कार्डावर १४० आहे," मी म्हटलं.

"कार्ड जूनचं. तू जानेवारीची."

सात महिन्यांत मी तीन सेंटिमीटर वाढले होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. शिवाय मैदानावर पायात कॅनव्हासचे बूट होते, त्यांचा तळ एक सेंटिमीटर. म्हणजे उन्हात उभी होती ती मुलगी १४४ सेंटिमीटरची. खांब, सूर्य, माती, सगळ्यांवर मी शंका घेतली होती. ज्या मापाने सगळं मोजत होते ते माप वाढत असेल, हे मनात आलंच नव्हतं. आई चुलीपाशी होती, ती म्हणाली, "तरीच परकर आखूड झालाय." मी वही उघडली. ९४९ गुणिले १४४ भागिले २२३. सहाशे तेरा.

चार सेंटिमीटरांचा फरक खांबात सतरा सेंटिमीटर झाला होता. आज मी शिकवणीच्या मुलांना हे गणित देते तेव्हा इथे मुद्दाम थांबते, कारण मुलं नेहमी मोठ्या सावलीची काळजी करतात. खांबाच्या सावलीत पाच सेंटिमीटर चुकले तर उत्तरात जेमतेम तीन चुकतात. स्वतःच्या सावलीत तेच पाच चुकले तर उत्तर चौदाने चुकतं. खांब माझ्या सव्वाचार पट, म्हणून तीच चूक त्याच्याऐवजी माझ्या मापात झाली की उत्तर सव्वाचार पट जास्त चुकतं. आणि अजून एक सांगते, हे जानेवारीतच करा. पंधरा ऑगस्टला आमच्याकडे सूर्य भर दुपारी जवळजवळ डोक्यावर असतो. १४४ सेंटिमीटरच्या मुलीची सावली तेव्हा जेमतेम नऊ सेंटिमीटर, तीही ढग बाजूला झाले तर. नऊ सेंटिमीटरात एक चुकला की खांब पाऊण मीटर हलतो.

सोमवारी मी सरांना ६१३ सांगितलं. ते म्हणाले, "आता दोरीला हात लाव."

शिपाईमामांनी झेंड्याच्या दोरीला शिवणाचा दोरा बांधला आणि कप्पीपर्यंत चढवला. चौथऱ्याशी दोऱ्यावर गाठ मारून तो उतरवला, व्हरांड्यात ताणून मोजला. ५३७. चौथरा ६०. कप्पीच्या वरचा गोळा मामांच्या आठवणीप्रमाणे वीतभरही नाही, पेटीत तसाच एक जुना गोळा होता, तो १४ भरला. सगळे मिळून ६११.

मी गप्प उभी होते. सरांनी वही घेतली, ६१३ च्या खाली ६११ लिहिलं, आणि म्हणाले, "दोन सेंटिमीटरांत आलीस हे नशीब. धूसर टोकाकडे बघता पाच-सहांत आली असतीस तरी मी बरोबर दिलं असतं." दादांना सांगितलं तेव्हा त्यांनी पुन्हा बोटांवर हिशेब केला. पाइप वीस फूट, वर दिसतो साडेसतराच्या थोडा वर, म्हणजे खाली सव्वादोन-अडीच फूट. "आता बसला," ते म्हणाले.

पुढच्या जानेवारीत मी आठवीत होते. कवायत संपल्यावर मी एकटीच चौथऱ्यापाशी थांबले. मैत्रिणीला टोकापाशी बसवलं, कोरा कागद ठेवला, डोक्यावर फूटपट्टी धरली. खांबाची सावली ९४८, माझी २३४. या वेळी खांबाची उंची मला ठाऊक होती. २३४ गुणिले ६११ भागिले ९४८ केलं. १५१ आले, त्यातून बुटाचा एक वजा.

संध्याकाळी दादा आले तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही. चौकटीपाशी जाऊन उभी राहिले. त्यांनी गुण्या आणला, जुन्या खुणेच्या वर नवी खूण केली आणि टेप लावून वाकून आकडा वाचला, "दीडशे."

"माहीत आहे," मी म्हटलं, "खांबाने सांगितलं."